तंत्रज्ञाचा बायोडाटा खालून वर वाचावा

म्हापशात गेली अनेक वर्षे मी एक छोटी पॅथॉलॉजी प्रयोगशाळा चालवितो. या काळात तंत्रज्ञांच्या पदासाठी आलेले बायोडाटा मी शेकड्याने वाचले असतील. ते सगळे जवळजवळ एकाच साच्यातले असतात. वर नाव-पत्ता, मग डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटीचे गुण, मग हाताळलेल्या यंत्रांची लांबलचक यादी, तिच्याखाली ‘एनएबीएलचे ज्ञान आहे’ अशी एक ओळ, आणि अगदी तळाशी, छंदांच्या जरा वर, ‘नमुने गोळा करण्याचा अनुभव’. आपण डॉक्टर मंडळीही तो कागद वरून खाली वाचतो. यंत्रांची यादी संपेपर्यंत आपले मत बनलेले असते आणि शेवटच्या ओळीवरून नजर नुसती फिरते. हा क्रम चुकीचा आहे, असे माझे मत झाले आहे. ते पुस्तक वाचून झालेले नाही. माझ्याच प्रयोगशाळेत घडलेल्या एका चुकीने ते झाले, म्हणून तो प्रसंग आधी सांगतो.

पेडण्यात आमचे एक संकलन केंद्र आहे. तिथे एक मुलगा रक्त काढतो आणि दुपारी मोटारसायकलवाला कोलवाळच्या पुलावरून नमुने म्हापशाला आणतो. एका पावसाळी दिवशी दुपारी चारच्या सुमारास एका अडुसष्ट वर्षांच्या बाईंचे रक्त काढले गेले. हृदयविकारामुळे त्यांना स्पायरोनोलॅक्टोन चालू होते आणि त्यांच्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पोटॅशियम व क्रिएटिनिन मागविले होते. त्या दिवशी मोटारसायकलवाला आलाच नाही. मुलाने नळी आठवणीने फ्रिजमध्ये ठेवली. ‘खराब होऊ नये’ हाच त्यामागचा सद्हेतू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नळी आमच्याकडे पोहोचली, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरली आणि यंत्राने पोटॅशियम 6.4 दाखविले. त्या सकाळचे कंट्रोल अचूक होते. सीरम पिवळेधमक आणि स्वच्छ होते. माझ्या तंत्रज्ञाने तत्परतेने डॉक्टरांना फोन केला. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णाचे पोटॅशियम वाढणे हे अगदी पटण्यासारखे असल्यामुळे डॉक्टरांनीही त्यावर विश्वास ठेवला. बाईंना गाडीत घालून बांबोळीला नेण्यात आले. तिथे ईसीजी सामान्य निघाला आणि पुन्हा काढलेल्या रक्तात पोटॅशियम 4.3 आले.

यंत्र खोटे बोलले नव्हते. नळीतल्या सीरममध्ये खरोखरच 6.4 पोटॅशियम होते. फरक एवढाच की ते बाईंच्या शरीरात नव्हते, नळीत तयार झाले होते. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असते आणि ते आत राखण्याचे काम पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप करीत असतो. या पंपाला ऊर्जा लागते आणि थंडीत तो मंदावतो. वेगळे न केलेले रक्त चार अंशांवर सतरा तास ठेवले की पेशी फुटत नाहीत, सीरम तांबडे होत नाही, पण पोटॅशियम मात्र हळूहळू बाहेर झिरपते. म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण एकही नसते. ती चूक पकडण्याची एकच जागा होती, मागणीपत्रावर लिहिलेली रक्त काढल्याची वेळ. ‘सायंकाळी 4’ ही नोंद त्यावर स्पष्ट होती. कोणी ती वाचली नाही.

माझ्या त्या तंत्रज्ञाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तो मेहनती होता, हात चांगला होता. दोष माझा होता, कारण त्याला मी निवडले होते ते त्याच्या बायोडाट्यावरच्या यंत्रांच्या यादीवर भाळून. मुलाखतीत मी त्याला यंत्रांविषयी अर्धा तास विचारले होते आणि नमुन्याविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता.

इटलीतील पादुआ येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या तातडीच्या प्रयोगशाळेने 1997 साली आपल्या चुकांचा हिशेब प्रसिद्ध केला होता. आपल्यापैकी जे पॅथॉलॉजीत आहेत त्यांना तो ठाऊक असेल. सुमारे चाळीस हजार तपासण्यांत त्यांना 189 चुका सापडल्या. त्यांपैकी 68 टक्के चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच्या होत्या आणि प्रत्यक्ष यंत्रावरच्या केवळ 13 टक्के. दहा वर्षांनी, 2007 साली, त्याच लोकांनी पुन्हा मोजदाद केली तेव्हा हे प्रमाण सुमारे 62 आणि 15 टक्के होते. म्हणजे अधिक चांगली यंत्रे येऊनही चुकांची जागा फारशी हलली नाही. हे आकडे मी पूर्वी व्याख्यानांत सांगत असे. पण माणूस निवडताना मात्र मी त्या 13 टक्क्यांसाठीच प्रश्न विचारीत होतो.

पुढे तो तंत्रज्ञ आखाती देशात नोकरी मिळाली म्हणून गेला आणि जागा रिकामी झाली. शेवटी माझ्या टेबलावर दोन बायोडाटा उरले. पहिला तीन पानांचा, एका मोठ्या शहरातल्या साखळी प्रयोगशाळेत काम केलेल्या तरुणाचा. त्यात अकरा यंत्रांची नावे प्रतिरूपांच्या क्रमांकांसह होती. दुसरा एकच पान, डिचोली तालुक्यातल्या एका मुलीचा. तिने चार वर्षे एका लहान प्रयोगशाळेत काम केले होते. यंत्रे दोनच, एक अर्धस्वयंचलित बायोकेमिस्ट्री अॅनालायझर आणि एक तीन-भागी सेल काउंटर. पण खाली एक ओळ होती, जी मी आजवर कुठल्याच बायोडाट्यात वाचली नव्हती: ‘नाकारलेल्या नमुन्यांची नोंदवही सांभाळली.’

मी दोघांनाही एकच पहिला प्रश्न विचारला. ‘तुम्ही शेवटचा नमुना कधी आणि का नाकारलात?’

तरुणाने जरा अभिमानाने सांगितले की त्यांच्याकडे नमुना नाकारावा लागतच नसे. त्याला वाटले असावे, हे ऐकून मी प्रसन्न होईन. पण रोज दोनशे नळ्या येणाऱ्या ठिकाणी एकही नळी नाकारण्यायोग्य नसणे अशक्य आहे. गुठळी झालेली जांभळ्या झाकणाची नळी, अर्धवट भरलेली निळ्या झाकणाची नळी, नावाची चिठ्ठी नसलेली नळी, या गोष्टी घडणारच. त्या सापडत नसतील तर कोणी पाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. किंवा पाहण्याचे काम दुसऱ्याच विभागाकडे आहे आणि या उमेदवाराकडे नळी बारकोड लावून, फिरवून, तयार होऊनच येते. मोठ्या प्रयोगशाळेतल्या अनुभवाची ही एक मर्यादा आहे. तिथे कामाची वाटणी इतकी झालेली असते की चार वर्षे काम करूनही माणसाने नमुन्याचा प्रवास पाहिलेला नसतो.

मुलीने आठवून सांगितले. वॉर्फरिन घेणाऱ्या एका रुग्णाची प्रोथ्रॉम्बिन टाइमची नळी आली होती. त्या नळीत 0.3 मिलिलिटर सायट्रेट असते आणि 2.7 मिलिलिटर रक्त भरायचे असते, म्हणजे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. ती नळी खुणेच्या निम्म्यापर्यंतच भरलेली होती. रक्त कमी आणि सायट्रेट तेवढेच, म्हणजे गुठळी होण्यास खोटाच उशीर लागणार आणि आयएनआर वाढलेला येणार. तो आकडा पाहून डॉक्टर गोळी कमी करणार आणि रुग्णाची गुठळी रोखणारे औषध अपुरे पडणार. तिने नळी बाजूला ठेवली, नोंद केली आणि डॉक्टरांना फोन केला. ‘डॉक्टर रागावले का?’ मी विचारले. ‘हो सर, खूप,’ ती म्हणाली, ‘पण रुग्ण पुन्हा आला.’

इथे जरा थांबून वाचकांतील डॉक्टर मित्रांशी एक वैयक्तिक तक्रार करून घेतो. नमुना नाकारल्याचा फोन आला की आपण चिडतो. रुग्ण पुन्हा बोलवायचा, त्याला समजावायचे, त्यात तो पेडण्याच्या एखाद्या आतल्या वाड्यावरून बस धरून आलेला. चीड स्वाभाविक आहे. पण ज्या तंत्रज्ञाला तीनदा ओरडून घ्यावे लागते, तो चौथ्यांदा नळी गुपचूप यंत्रात घालतो. मग आपल्याला रिपोर्ट वेळेवर मिळतो आणि तो कशाचा आहे हे कोणालाच कळत नाही. नाकारलेल्या नमुन्यांची नोंदवही सांभाळणारे हात आपल्याला हवे असतील तर फोन उचलणाऱ्या आपल्या आवाजाचाही त्यात वाटा आहे.

नंतर मी दोघांपुढे चार रिपोर्ट ठेवले. चारही मीच बनविलेले, चारहींत पोटॅशियम वाढलेले. ही युक्ती कोणालाही आपल्या दवाखान्यात करता येईल, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्यात पोटॅशियम 6.4, कॅल्शियम 9.2, अल्कलाइन फॉस्फटेज नेहमीसारखे, सीरम स्वच्छ, पण रक्त काढल्याची वेळ आदल्या दिवशीची सायंकाळ आणि फिरविल्याची वेळ सकाळ. ही आमच्या पेडण्याच्या बाईंचीच गोष्ट. दुसऱ्यात पोटॅशियम 8.9, कॅल्शियम 4.6 आणि अल्कलाइन फॉस्फटेज फक्त 14. हे खरे असते तर रुग्ण बोलत-चालत प्रयोगशाळेत आलाच नसता. जांभळ्या झाकणाच्या नळीत इडीटीएचे पोटॅशियम क्षार असतात. ते कॅल्शियम बांधून ठेवतात आणि अल्कलाइन फॉस्फटेजला लागणारे जस्त व मॅग्नेशियमही पळवितात. रक्त काढणाऱ्याने आधी जांभळी नळी भरली आणि लाल नळीत कमी पडले म्हणून जांभळीतले थोडे ओतले, की हे त्रिकूट जन्माला येते. तिसऱ्यात पोटॅशियम 6.1, सीरम तांबूस, एलडीएच आणि एएसटी चढलेले, म्हणजे पेशी फुटलेल्या. चौथ्यात पोटॅशियम 6.6, क्रिएटिनिन 5.8, वेळा सगळ्या व्यवस्थित, सीरम स्वच्छ, कॅल्शियम किंचित कमी.

चौथा कागद मुद्दाम ठेवला होता. सगळ्यांवर संशय घेणे ही हुशारी नव्हे. चौथा रुग्ण मूत्रपिंडाचा आहे, त्याचे पोटॅशियम खरे आहे, आणि तिथे ‘पुन्हा नमुना पाठवा’ म्हणत तास घालविणे हाच अपराध ठरेल. तिथे ताबडतोब फोन करायचा असतो आणि कोणाला, किती वाजता सांगितले ते लिहून ठेवायचे असते.

तरुणाने चारही रिपोर्टांबाबत ‘पुन्हा यंत्रावर लावून पाहू’ असे उत्तर दिले. यंत्रावर पुन्हा लावल्याने काय होणार? तीच नळी, तेच सीरम, तोच आकडा. मुलीने तिसरा आणि चौथा झटकन ओळखला. दुसऱ्यावर ती थबकली, कॅल्शियमच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘हे जांभळ्या नळीतले वाटते.’ अल्कलाइन फॉस्फटेज का घसरले हे तिला सांगता आले नाही. पहिला तिला ओळखता आला नाही. पण तिने विचारले, ‘सर, हे मधले सतरा तास नळी कुठे होती?’ उत्तर ठाऊक नसले तरी प्रश्न बरोबर जागी पडला होता.

आता ‘एनएबीएलचे ज्ञान आहे’ या ओळीकडे वळतो. हिच्याइतकी स्वस्त झालेली दुसरी ओळ आज बायोडाट्यांत नसेल. यात एक मूलभूत गोंधळ आहे. एनएबीएलची मान्यता प्रयोगशाळेला मिळते, व्यक्तीला नव्हे. आणि तीसुद्धा संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट नव्हे, तर यादीत दिलेल्या ठरावीक तपासण्यांना. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तीन वर्षे काम केलेला माणसू कदाचित मान्यतेच्या यादीबाहेरच्या तपासण्याच करीत असेल. ती यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. उमेदवाराने नाव दिलेली प्रयोगशाळा तिथे आहे का आणि तो सांगतो ती तपासणी यादीत आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. कोणी आयएसओ 9001 चे प्रमाणपत्र पुढे करतो. ते व्यवस्थापनाच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे. पोटॅशियम बरोबर मोजता येते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीचे मानक आयएसओ 15189 हे आहे आणि त्याची सध्याची आवृत्ती 2022 ची.

या मानकातली एक तरतूद आपल्याला थेट उपयोगी पडते. प्रयोगशाळेने प्रत्येक कर्मचाऱ्याची कार्यक्षमता ठरावीक काळाने तपासावी आणि कोणाला कोणत्या कामाचा अधिकार दिला आहे त्याची लेखी नोंद ठेवावी, असे ते सांगते. म्हणून उमेदवाराला ‘एनएबीएल म्हणजे काय’ असे विचारू नये. त्याची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. विचारावे ते असे: ‘तिथे तुम्हाला कोणकोणत्या तपासण्यांचा लेखी अधिकार दिला होता? तुमची कार्यक्षमता शेवटची कोणी आणि कशी तपासली?’ ज्याने खरोखर ते आयुष्य काढले आहे तो लगेच सांगतो की मॅडमनी दोन जुने नमुने नाव झाकून करायला दिले होते, किंवा पाच स्लाइड्सची गणना जुळवून पाहिली होती. ज्याने नुसते भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहिले आहे तो आवृत्तीचा क्रमांक सांगू लागतो.

डिचोलीच्या मुलीची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हती आणि तिने तसे सरळ सांगितले. पण ते लोक वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता कार्यक्रमात भाग घेत. दर महिन्याला तिथला अज्ञात नमुना करायचा, उत्तर पाठवायचे आणि देशभरातल्या प्रयोगशाळांच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते पाहायचे. एका महिन्यात त्यांचे क्रिएटिनिन बरेच वर गेले होते. ‘मग काय केलेत?’ तर म्हणाली, जुन्या उरलेल्या नमुन्यावर नवे कॅलिब्रेशन करून पाहिले, तेव्हा कॅलिब्रेटर विरघळविताना पाणी जास्त घातले गेल्याचे लक्षात आले. हे उत्तर मला कुठल्याही दोन दिवसांच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे वाटले.

व्यक्तीच्या पात्रतेची बाजू निराळी. 2021 च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद केली आहे आणि त्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ येतात. तेव्हा पदवी-पदविका कोणत्या संस्थेची आणि ती मान्य आहे का, हे मूळ कागद पाहूनच ठरवावे. त्यात मला वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

राहता राहिली यंत्रे. ती मी शेवटी ठेवली याचा अर्थ त्यांना किंमत नाही असा नव्हे. फक्त ‘हाताळले’ या क्रियापदाने माझे समाधान होत नाही. नमुना ठेवून बटण दाबणे हेही हाताळणेच आणि कॅलिब्रेशन करून, कंट्रोल तपासून, रोजची निगा राखून, बिघाड ओळखून यंत्र चालविणे हेही हाताळणेच. बायोडाट्यात यंत्राच्या नावापुढे नेमके काय केले याचे क्रियापद शोधावे. नसेल तर विचारावे.

मी दोघांपुढे एक लेव्ही-जेनिंग्ज आलेख ठेवला. ग्लुकोजच्या कंट्रोलची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 3. काल कंट्रोल 106.5 आले होते, आज 107 आले. दोन विचलनांची वरची मर्यादा 106, म्हणजे सलग दोन दिवस त्याच बाजूला मर्यादेबाहेर. एकदाच असे झाले तर तो योगायोग असू शकतो, कारण वीस वेळांतून एकदा तरी निरोगी यंत्राचेही कंट्रोल दोन विचलनांच्या बाहेर पडतेच. पण लागोपाठ दोनदा त्याच बाजूला पडले की यंत्र एका दिशेला सरकले आहे असे समजायचे, रिपोर्ट थांबवायचे आणि कारण शोधायचे: रिएजंट जुने झाले का, कॅलिब्रेशन कधीचे, दिवा किती तास चाललेला.

तरुण म्हणाला, ‘कंट्रोल पुन्हा लावायचे. तिसऱ्या वेळी मर्यादेत येते.’ अगदी खरे आहे. येतेच. पुरेशा वेळा फासे टाकले की हवे ते दान पडतेच, आणि आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांत सकाळचे कंट्रोल असेच ‘मर्यादेत आणले’ जाते. मुलीने आधी कॅलिब्रेशनची तारीख विचारली. मात्र आलेख वाचताना ती चाचपडली. तिच्याकडे कंट्रोल एकाच पातळीचे चालविले जाई आणि आलेख महिन्याच्या शेवटी एकदम भरला जाई. हे तिने स्वतःच सांगितले. ही उणीव मी टिपून ठेवली.

दुसरा प्रश्न डेंग्यूच्या दिवसांतला. सेल काउंटरने प्लेटलेट 38,000 दाखविल्या आहेत, रुग्ण ठणठणीत आहे, अंगावर एकही लाल ठिपका नाही. काय कराल? इथे मात्र तरुणानेही चांगले उत्तर दिले. स्लाइड करून पाहीन, म्हणाला, कडेला प्लेटलेटांचे पुंजके दिसले तर सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेईन. काही लोकांच्या प्लेटलेट इडीटीएत एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या पुंजक्याला मोजतच नाही. मुलीने त्यात भर घातली. सायट्रेटच्या नळीत जो आकडा येईल त्याला 1.1 ने गुणायचे, कारण त्या नळीतल्या द्रवाने रक्त एक दशांश पातळ झालेले असते. म्हणजे 1,64,000 आले तर खरे उत्तर सुमारे 1,80,000. अशा रुग्णाला प्लेटलेट चढविण्याची धावाधाव वाचते. यंत्राचे खरे कौशल्य मी याला म्हणतो, यंत्रावर कधी विश्वास ठेवू नये हे कळण्याला.

माझ्या या मताला विरोध करणारे एक मित्र आहेत. त्यांचे इथलेच लहान नर्सिंग होम आहे. त्यांच्याकडे रात्री एकच तंत्रज्ञ असतो. ते म्हणतात, ‘तुझे ठीक आहे, तू शेजारी बसून शिकवशील. माझ्याकडे रात्री दोन वाजता अत्यवस्थ रुग्ण आला आणि त्याला यंत्र चालविता आले नाही, तर नोंदवही काय चाटायची आहे?’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. एकट्याने पाळी सांभाळायची असेल तिथे त्या ठिकाणचे यंत्र येणे ही पहिली अट राहील. पण त्यांनाही मी एवढेच म्हटले की त्यांच्याकडे नमुना आतल्या खोलीतून येतो, तीस पावलांवरून. माझा नमुना पेडण्याहून आणि डिचोलीहून येतो, अस्नोड्याच्या रस्त्यावर ऊन-पाऊस खात. ज्याच्या नळीचा प्रवास लांब, त्याने बायोडाटा खालून वाचायला हवा.

मी मुलीला घेतले. पाच-भागी काउंटर आणि पूर्ण स्वयंचलित अॅनालायझर शिकायला तिला जवळपास महिना लागला. कंपनीचा अभियंता चार दिवस येऊन गेला, बाकीचे तिने पुस्तिकेवरून आणि माझ्या सहकाऱ्यांकडून घेतले. आलेख रोज भरण्याची सवय लावायला त्याहून जास्त वेळ गेला, हेही प्रामाणिकपणे नोंदवितो. मनुष्य जिथे शिकतो तिथल्या सवयी घेऊनच येतो.

मुलाखतीच्या शेवटी मी रिवाजाप्रमाणे तिला म्हटले होते, ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ बहुतेक जण पगार आणि रजा विचारतात. तिने विचारले, ‘सर, पेडण्याच्या केंद्रावर सेंट्रीफ्यूज आहे का?’

नव्हते. पुढच्याच महिन्यात आम्ही ते तिथे बसविले. आता रक्त काढल्यावर अर्धा तास नळी उभी राहते, गुठळी नीट बसली की तिथेच फिरविली जाते आणि दोन तासांच्या आत सीरम वेगळे होऊन निघते. पावसाळ्यात वीज गेली तर त्या मुलाने नळ्या फ्रिजमध्ये न ठेवता आम्हाला फोन करायचा, असा कागद केंद्राच्या भिंतीवर लावला आहे. त्यावरचे अक्षर तिचे आहे.